मेसच्या शुल्कात सूट कशी मिळाली

एप्रिलचे तीसही दिवस मी विषमज्वरामुळे गावी होतो, तरी वसतिगृहाच्या बिलात मेसचे पूर्ण 3,600 रुपये लागले. मी रागाच्या भरात पूर्ण रक्कम परत मागितली आणि पूर्वसूचना नसल्याच्या कारणावरून समितीने तो अर्ज फेटाळला, जे नियमाला धरूनच होते.

नियमावली नीट वाचल्यावर कळले, की सूट केवळ शिध्याच्या खर्चावर मिळते. स्वयंपाक्यांचे पगार आणि देखभाल यांचे 900 रुपये प्रत्येकाला भरावेच लागतात, शिवाय सूट सूचनेच्या तिसऱ्या दिवसानंतरच लागू होते. माझ्या खोलीतील मित्राने 1 एप्रिललाच मेस सचिवांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवले होते, हे तेव्हा आठवले.

दुसऱ्या अर्जात मी त्या संदेशाची छापील प्रत, फाटकावरील नोंदवहीतील जाण्या-येण्याच्या नोंदी आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जोडले व हिशेबही मांडला: उरलेल्या 2,700 रुपयांचे दिवसाला 90, म्हणून 27 दिवसांचे 2,430 रुपये. रेक्टर सरांनी फक्त नोंदवहीच्या तारखा ताडून पाहिल्या. रोख रक्कम मिळाली नाही. ती जूनच्या बिलातून वजा झाली.