रात्रपाळी, ट्रान्सक्रिप्शन आणि पहिले ४१० रुपये

चाकणच्या एमआयडीसीत एका गोदामावर मी रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड आहे. ड्युटीवर इयरफोन लावणं मला पटत नाही, पहारेकऱ्याचे कान मोकळेच हवेत. त्यामुळे ट्रान्सक्रिप्शनचं, म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचं जोडकाम मी सकाळी सुटल्यावर, झोपायच्या आधी करतो.

काम फोनवरच्या अ‍ॅपमध्ये असतं. कुणाच्या तरी बोलण्याची दहा-पंधरा सेकंदांची क्लिप येते, ती ऐकून टाइप करायची. सुरुवातीला एक चाचणी असते. तिच्यासाठी किंवा नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

खरी मेहनत ‘जसंच्या तसं’ लिहिण्यात आहे. एक आजी म्हणाल्या, “पानी भरून ठिवलं व्हतं.” आमच्या प्रकल्पाच्या नियमानुसार तेच लिहायचं होतं, ‘पाणी’, ‘ठेवलं’, ‘होतं’ असं सुधारायचं नव्हतं. काही प्रकल्पांना मात्र प्रमाण मराठीच हवी असते, म्हणून नियमांचं पान आधी नीट वाचा. मला या आजींची भाषा तशीच उतरवणं फार आवडतं, आमच्या घरीही असंच बोलतात. पण फोनचा कीबोर्ड ‘व्हतं’चं गुपचूप ‘होतं’ करतो. त्याची ऑटो-करेक्शनची सेटिंग बंद करा आणि पाठवण्याआधी मजकुरावर नजर ठेवून क्लिप पुन्हा एकदा ऐका. ‘अडीचशे’ ऐकू आलं तर आमच्याकडे अक्षरीच लिहायचं, २५० नाही. शब्द कळलाच नाही तर अंदाजाने भरू नका, त्यासाठी दिलेली खूण टाका.

आता पैशांचं. दर होता ऑडिओच्या मिनिटाला १० रुपये. इथे नवीन माणूस फसतो, कारण हे मिनिट बोलणाऱ्याचं असतं, तुमच्या कामाचं नाही. एका मिनिटाच्या बोलण्याला मला सुरुवातीला सहा मिनिटं लागत. पहिल्या खेपेला मी ४८ मिनिटांचं ऑडिओ पाठवलं, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर काम झालं. तपासणाऱ्याने ४१ मिनिटं मंजूर केली, उरलेली बहुतेक कीबोर्डने बदललेल्या शब्दांमुळे दुरुस्तीला परत आली. यूपीआयवर ४१० रुपये जमा झाले. तासाचा हिशेब केला तर साधारण ८५ रुपये पडले. एवढ्यावर नोकरी सोडता येणार नाही, पण महिन्याचा गॅस सिलिंडर किंवा पोरीच्या वह्या यातून नक्की निघतात. हात बसला की तासाचा आकडा वाढतो. गोंगाटातल्या, दोघं एकदम बोलणाऱ्या क्लिपांवर मात्र तो पुन्हा घसरतो.

अ‍ॅपमधलं नाव आणि बँक खात्यावरचं नाव पहिल्याच दिवशी जुळवून घ्या. स्पेलिंगच्या फरकाने पैसे अडकू शकतात. मी एका वहीत तारीख, पाठवलेली मिनिटं, मंजूर मिनिटं आणि आलेली रक्कम लिहितो. पुढच्या खेपेला दुरुस्त केलेली मिनिटं धरली गेली का, हे मी त्या वहीवरूनच तपासलं.