वर न बघणारं लेकरू: घशामागचं गळू वेळेत कसं ओळखाल

सांगली-मिरजेकडे नव्याने बालरोग किंवा कान-नाक-घसा विभागात ड्यूटी सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. रेट्रोफॅरिन्जिअल अ‍ॅब्सेस पुस्तकात वाचलेला असतो, पण रात्री दोन वाजता जतहून आलेलं लेकरू ते नाव कपाळावर लिहून येत नाही. येतं ते 'ताप आणि मान आखडलीय' असं सांगत.

उदाहरण घेऊ. तीन वर्षांचा मुलगा, वजन 14 किलो. आठवड्यापूर्वी सर्दी, पाच दिवस ताप, गावातल्या डॉक्टरांचं अँटिबायोटिक सिरप चालू. दोन दिवस मान एका बाजूला कललेली. आजी म्हणते, झोपेत मान लचकली असेल, तेल लावून चोळलंय. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तोंडातून बाहेर काढतो. काल रात्रीपासून लाळ गळतेय, आईच्या पदराचा कोपरा ओला आहे. ताप 102, ऑक्सिजन 96, श्वासाला आवाज नाही.

इथे बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा मेंदूज्वर येतो. साहजिक आहे. पण मान नेमकी कुठल्या दिशेला अडते ते बघा. मेंदूज्वरात हनुवटी छातीला टेकत नाही. घशामागे पू असेल तर मूल मुख्यतः वर बघत नाही. हात लावून मान वाकवून बघू नका. त्याच्या डोक्याच्या वर किल्ल्या वाजवा. डोळे वर जातात, हनुवटी तिथेच राहते, आणि बाजूला वाजवल्या तर मानेऐवजी अख्खं अंग वळतं. या एका खुणेवर माझा मोठमोठ्या रक्ततपासण्यांपेक्षा जास्त भरवसा आहे. अशा मुलाला कमरेतून पाणी काढण्यासाठी दुमडून धरलं तर आधीच अरुंद झालेला श्वासमार्ग बंद पडू शकतो.

घसा बघायचा तर आईच्या मांडीवर बसवून, चांगल्या उजेडात, जेवढं तोंड आपणहून उघडेल तेवढंच. मागच्या भिंतीचा फुगवटा बहुतेकदा मध्यरेषेच्या एका बाजूला असतो. दिसला नाही म्हणजे गळू नाही असं नव्हे. लाळ गळत असताना चमचा दाबून घसा बघण्याचा हट्ट धरू नका.

आता फिल्म. नवीन माणूस फसतो तो इथेच, म्हणून सविस्तर सांगतो. मानेच्या बाजूच्या एक्स-रेत मणक्यांपुढच्या मऊ भागाची जाडी मोजतात. दुसऱ्या मणक्यापाशी 7 मिलिमीटरपेक्षा किंवा सहाव्यापाशी 14 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर संशय घ्यायचा. पण लहान मुलाच्या घशाची मागची भिंत सैल असते. मूल रडत असेल, श्वास सोडत असेल किंवा मान पुढे झुकलेली असेल, तर निरोगी मुलातही ती दुप्पट जाड दिसू शकते. डोकं जरा तिरकं झालं की मापच बिघडतं. आपल्या मुलाची पहिली फिल्म रडताना, मान खाली घालून काढलेली, दुसऱ्या मणक्यापाशी जाडी 12. या आकड्यावर काहीच ठरत नाही. बसवून, काटेकोर बाजूने, मान सोसेल तितकी सरळ ठेवून, श्वास आत घेताना पुन्हा काढली. 11 आली, शिवाय मानेचा नेहमीचा बाक गेलेला. आता मात्र ती खरी मानायची.

याची उलट चूकही होते. 'फिल्म चुकीची असेल' म्हणून सकाळपर्यंत सोडून देणं त्याहून वाईट. तसंच, फोनवर फिल्मचा फोटो मागवून सल्ला देणाऱ्या वरिष्ठांवर विसंबू नका. फोटोत मिलिमीटर नसतात आणि लाळ दिसत नाही. 'मी येऊन बघतो' म्हणणारा वरिष्ठ शोधा. श्वासाला घरघर असेल किंवा मूल हनुवटी पुढे काढून ताठ बसलं असेल तर एक्स-रेच्या खोलीत पाठवूच नका, आधी भूलतज्ज्ञ आणि ईएनटी बोलवा.

पुढची पायरी काँट्रास्ट देऊन सीटी. काँट्रास्टशिवाय काढलेल्या सीटीवर पू आणि नुसती सूज वेगळी करता येत नाही. 14 किलोला किलोमागे 2 मिलिलिटर धरून 28 मिलिलिटर. कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत काढायला सांगा, कारण पू खाली छातीत उतरू शकतो. खरा धोका मशीनच्या टेबलावर आहे. आडवं केलं, गुंगीचं औषध दिलं, की श्वास अडू शकतो. भूलतज्ज्ञ आणि ट्यूबची तयारी सोबत नसेल तर गुंगी देऊ नका.

आपल्या सीटीत उजवीकडे 2.8 बाय 1.6 सेंटिमीटरचा काळसर भाग, कडेने चकाकणारी रिंग, कॅरोटिड धमनी त्याच्या बाहेरच्या बाजूला. रिंग दिसली म्हणजे पू असणारच असं नाही, उघडल्यावर कधी काहीच निघत नाही. म्हणून मूल स्थिर, श्वास मोकळा आणि गळू 2 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर 24 ते 48 तास शिरेतून अँटिबायोटिक देऊन वाट बघणं योग्यच आहे. त्यात कमीपणा नाही, बरीच मुलं चाकूशिवाय बरी होतात. पण वाट बघायची ती ईएनटी आणि ओटी हाताशी असलेल्या ठिकाणी. जतहून मिरजेला दीड-दोन तास लागतात, तेवढ्यात श्वास बंद होऊ शकतो. या मुलाचं गळू मोठं, वर लाळ गळतेय. याला रात्रीच ओटीत घ्यायचं.

पहिला डोस मात्र आत्ताच. अँपिसिलिन-सल्बॅक्टम देताना हिशेब अँपिसिलिनवर करा: किलोमागे 50 मिलिग्रॅम, म्हणजे 700, दर सहा तासांनी. दीड ग्रॅमच्या व्हायलमध्ये अँपिसिलिन एकच ग्रॅम असतं, त्यामुळे एकूण औषध 1050 मिलिग्रॅम जातं. व्हायलवरचा आकडा बघून 700 भरलं की डोस तिसऱ्या हिश्श्याने कमी पडतो आणि दोन दिवसांनी आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही.

ओटीत श्वास स्वतःचा चालू ठेवून भूल, कफ असलेली 4 किंवा 4.5 ची ट्यूब, शेजारी 3.5 ची, ट्रॅकिऑस्टोमीचा ट्रे उघडा. ट्यूब घालताना फुगवटा फुटला तर पू फुफ्फुसात जातो, म्हणून मोठं सक्शन चालू आणि डोकं खाली. धमनी बाहेर असल्याने तोंडातून उघडता येतं, गळू धमनीच्या बाहेरच्या बाजूला असतं तर मानेवरून जावं लागलं असतं. आधी बोटाने ठोके चाचपून जाड सुईने ओढून बघा. पू आला तर खात्री पटते, ताण उतरतो आणि कल्चरला नमुना मिळतो. मग सर्वांत फुगलेल्या जागी उभा छेद घेऊन आर्टरी फोर्सेप्सने कप्पे मोकळे करा.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. महिनाभराचं दुखणं, फुगवटा अगदी मध्यभागी, मणका खाल्लेला दिसतोय, तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. ते गळू तोंडातून उघडायचं नाही.

पू निघाल्यावर 48 तासांत ताप उतरला पाहिजे, नाहीतर सीटी पुन्हा. आणि ताप गेला, मूल जेवायला लागलं, तरी मान तिरकीच राहिली तर ती ओढून सरळ करू नका. संसर्गाने वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकलेले असू शकतात. कॉलर घालून त्या दोन मणक्यांचा सीटी होईपर्यंत मुलाला घरी सोडायचं नाही, आणि आजीलाही सांगायचं की आता तेल लावून चोळायचं नाही.