दीड तासाच्या कीर्तनात या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात चैत्री नवरात्रात मी सीतास्वयंवर लावलं होतं. सात ते साडेआठ. पूर्वरंगात रंगलो आणि निरूपणच पन्नास मिनिटं चाललं. धनुष्य मोडलं तेव्हा आठ वीस झाले होते. नंतर एक आजोबा म्हणाले, "बुवा, धनुष्य मोडलं खरं, पण आमचे पोट्टे तेव्हा घोरत होते."

आता पेटीवर चिठ्ठी चिकटवतो. नमन पाच मिनिटं, पूर्वरंग तीस, मध्यंतर आठ, आख्यान पस्तीस, भैरवी आणि आरती बारा. पूर्वरंगात मूळ पद एकच, आणि पंधराव्या मिनिटाच्या आसपास मुलांसाठी एक छोटा दृष्टांत. पेटीवाला सात तीसला मधला सा दाबून धरतो. तो ऐकला की बोलणं आवरायचं, मग मुद्दा कितीही गोड असो. त्यामुळे धनुष्य आठच्या सुमारास मोडतं आणि मुलं जागी असतात.

दुसरी चूक मध्यंतरातली. हार-बुक्का होईपर्यंत आपण जोरजोरात गजर चालू ठेवतो. पण नागपूरच्या चैत्रात ती आठ मिनिटं पाण्याची आणि पाय मोकळे करायची असतात. म्हणून "श्रीराम जय राम जय जय राम" संथ लयीत घ्यायचा, पाण्याचे पेले फिरू द्यायचे. ज्येष्ठांच्या खुर्च्या कडेला, वाटेजवळ असाव्यात. उठताना कुणाला ओलांडावं लागत नाही.

गजराला लोक गात नाहीत, हे दुखणं मात्र बहुतेक वेळा आपल्याच साथीदारांमुळे होतं. ते इतक्या दमात उत्तर देतात की श्रोत्यांना तोंड उघडायची गरजच वाटत नाही. पहिली दोन आवर्तनं साथीदारांनी म्हणावीत, तिसऱ्याला गप्प बसून फक्त ठेका द्यावा. तेव्हा शेवटच्या रांगेकडे बघा. ओठ हलत नसतील तर लय वाढवू नका, ओळ तोडा. तुम्ही "श्रीराम जय राम" म्हणा, त्यांच्याकडे फक्त "जय जय राम" ठेवा. चालही तार षड्जाला नेऊ नका, आजोबांचा आवाज तिथे फाटतो आणि ते कायमचे गप्प होतात. अनोळखी चार ओळींचं पद शिकवत बसण्याचा मोह मला अजूनही होतो. दर वेळी फसतो.

गजराच्या शेवटी दुगुन मिनिटभर पुरे. ती संपल्यावर लगेच निरूपण सुरू केलं तर पहिली चार वाक्यं कुणाच्या कानावर पडत नाहीत, कारण सगळे धापा टाकत असतात. झांज खाली ठेवा, पेटीचा नुसता सूर राहू द्या, एक ओवी खालच्या पट्टीत म्हणा. मग, हळू आवाजात, "जनकाच्या सभेत..."