यादीत ‘पाणी’च नाही? शब्दयादी करताना या चुका टाळा

मराठी शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी सर्वांत जास्त वापरातल्या हजार शब्दांची यादी हवी म्हणून लोक मोठा मजकूर गोळा करतात, कोणता शब्द किती वेळा आला याची मोजणी लावतात, वरचे हजार कापतात आणि झालं म्हणतात. झालेलं काहीच नसतं.

मी पण हेच केलंय. बातम्यांचा भलामोठा गठ्ठा होता आणि यादीत ‘हेही’ हा शब्द ‘पाणी’च्या कितीतरी वर. आधी वाटलं असेल बुवा, मग फाइली उघडून बघितल्या तर प्रत्येक बातमीखाली ‘हेही वाचा’ चिकटलेलं. म्हणजे मी भाषा नाही, पानाचा तळ मोजत होतो. हजारो वेळा जशीच्या तशी येणारी ओळ एकदाच ठेवली, तर मग दुसरंच भूत निघालं, ‘तलवार’ वर आली. गठ्ठ्यात एक ऐतिहासिक कादंबरी होती, सगळ्या तलवारी तिच्यातच. तेव्हापासून मी दोन आकडे काढतो, शब्द एकूण किती वेळा आला आणि किती वेगवेगळ्या फाइलींत आला, आणि क्रम दुसऱ्यावर लावतो. ‘तलवार’ पाचशे वेळा येऊन तीनच फाइलींत सापडत असेल तर ती नवशिक्याच्या कामाची नाही. फक्त फाइली साधारण सारख्या लांबीच्या करून घ्या, नाहीतर अख्खी कादंबरी एक आणि चार ओळींची बातमीही एक, असा हिशोब होतो.

दुसरी चूक प्रत्ययांची. ‘घर’, ‘घरी’, ‘घरात’, ‘घरातून’ वेगळे मोजले की ‘घर’ची मतं फुटतात आणि ते खाली घसरतं. मग कोणीतरी हुशारी करून शेवटचा ‘त’ आणि ‘ला’ सरसकट उडवायचा कोड लिहितो. ‘घरात’चं ‘घरा’ होतं, त्याचं ‘घर’ काही होत नाही, पण ‘हात’चा मात्र ‘हा’ होतो, ‘गेला’चं ‘गे’. हात गेला तो गेलाच, कारण ‘हा’ आधीच वर असतो आणि कोणाला शंकाही येत नाही. मी वरची तीनेक हजार रूपं डोळ्यांनी बघून हाताने एकत्र करतो. कंटाळवाणं आहे, दोन-तीन दिवस जातात, ज्यांना घाई आहे त्यांनी यादी करूच नये असं माझं मत.

आणि पायथॉनच्या `re` मध्ये `\w+` वापरून देवनागरी तोडू नका, काना-मात्रा त्याला अक्षरं वाटत नाहीत:

```python
re.findall(r'\w+', 'मराठी')
# ['मर', 'ठ']
```

यादीत ‘ठ’ दिसला की समजायचं. मी सरळ मोकळ्या जागांवर तोडतो आणि कडेची विरामचिन्हं काढतो.

शेवटी वारांसारखे संच तपासा. ‘रविवार’ यादीत आणि ‘बुधवार’ बाहेर असं हमखास होतं. तिथे आकडे गुंडाळून ठेवायचे आणि सातही वार हाताने घालायचे.