आगळाची बाटली हॅम्बुर्गात संपली की

मालवणहून नेलेली कोकम आगळाची किंवा लोणच्याची बाटली घरच्या कचऱ्यात टाकू नका. रस्त्यावर काचेचे तीन कंटेनर असतात: पांढरा, तपकिरी, हिरवा. रंगाप्रमाणे टाका, निळी किंवा रंग न कळणारी काच हिरव्यात. लोणचं चमच्याने खरवडून काढलं की पुरे, आईसारखं गरम पाण्याने विसळत बसायला नको. पत्र्याचं झाकण काढून पिवळ्या डब्यात टाका. फुटलेला पाण्याचा ग्लास मात्र काचेच्या कंटेनरमध्ये चालत नाही, ती काच वेगळ्या तापमानाला वितळते.

रविवारी सकाळी मोकळा वेळ असतो खरा, पण तेव्हा आणि रात्री काच टाकायला बंदी आहे. खळखळाटाने शेजारी वैतागतात. वेळा कंटेनरवरच लिहिलेल्या असतात. कंटेनर भरला असेल तर पिशवी शेजारी ठेवून येऊ नका, त्यालाही दंड आहे.