सीएलएल आणि स्लाइडवरच्या फुटलेल्या पेशी: रिपोर्टमधल्या या चुका टाळा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या सीबीसीत एकाहत्तरीच्या आजोबांच्या पांढऱ्या पेशी १४,००० येतात. हा आकडा उदाहरणापुरता घेतला आहे, पण असे रिपोर्ट लॅबमध्ये नेहमी दिसतात. ताप नाही, खोकला नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक. स्लाइड पाहून हाताने मोजलेल्या पांढऱ्या पेशींच्या प्रकारांच्या टक्केवारीत न्यूट्रोफिल ५२, लिम्फोसाइट ४०, बाकीच्या ८. 'थोडं इन्फेक्शन दिसतंय' म्हणून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळते.

पहिली चूक इथेच झाली. लिम्फोसाइटची टक्केवारी नव्हे, प्रत्यक्ष संख्या पाहायची. १४,००० चे ४० टक्के म्हणजे ५,६००. प्रौढ माणसात ही संख्या साधारण ४,००० च्या आत असते. आणि हे ५,६०० सुद्धा खरे नाहीत.

ती स्लाइड परत लावली तर शंभर धड पेशी मोजताना आणखी ४० 'स्मज सेल' दिसतात. ओल्या बोटाने पुसलेल्या शाईच्या ठिपक्यासारखे हे जांभळे डाग असतात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे सीएलएलमध्ये, लिम्फोसाइट नाजूक असतात. त्यांच्या आतल्या सांगाड्यातलं व्हायमेंटिन हे प्रथिन कमी असलं की काचेवर रक्त पसरवताना, म्हणजे स्मिअर करताना, त्या फुटतात. रक्तात मात्र त्या धड असतात, म्हणून मशीनची एकूण मोजणी बहुधा बरोबर येते. चुकते ती माणसाने केलेली टक्केवारी, कारण फुटलेल्या पेशी 'खराब स्मिअर' म्हणून सोडून दिल्या जातात.

आता त्या ४० पेशी लिम्फोसाइटमध्ये धरा. १४० पैकी ८० लिम्फोसाइट, म्हणजे ५७ टक्के, म्हणजेच ८,०००. न्यूट्रोफिल ७,२८० वाटत होते, ते ५,२०० वर, अगदी नॉर्मलमध्ये येतात. ज्या इन्फेक्शनसाठी गोळ्या दिल्या ते मोजणीतूनच जन्मलं होतं. मशीन लिम्फोसाइट ५७ टक्के सांगतंय आणि स्लाइड ४०, एवढी तफावत दिसली की रिपोर्टवर सही करण्याआधी थांबायला हवं.

शंका असेल तर रक्ताच्या चार-पाच थेंबांत २२ टक्के बोव्हाइन अल्ब्युमिनचा एक थेंब मिसळून नवा स्मिअर करा. रक्तपेढीत हे अल्ब्युमिन सहसा असतंच. पेशी आता फुटत नाहीत आणि डागांच्या जागी लहान, गच्च केंद्रकाच्या, जेमतेम पेशीद्रव असलेल्या लिम्फोसाइट दिसू लागतात. टक्केवारी या स्लाइडवर मोजायची.

उलट टोकाची चूकही होते: स्मज सेल दिसल्या की थेट 'सीएलएल' लिहून मोकळं होणं. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत फार वेळ पडून राहिलेल्या रक्तातही पेशी फुटतात, आणि विषाणूसंसर्गात किंवा दुसऱ्या ल्युकेमियातही काही स्मज सेल दिसू शकतात. निदान होतं ते हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्ताच्या फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीवर. एकाच कुळातल्या, सीडी५, सीडी१९ आणि सीडी२३ या खुणा असलेल्या बी लिम्फोसाइट प्रति मायक्रोलिटर ५,००० किंवा जास्त, आणि तेही किमान तीन महिने टिकून, असा निकष आहे. मोजायच्या असतात त्या या बी पेशी, एकूण लिम्फोसाइट नव्हेत. त्या कमी भरल्या आणि गाठी, प्लीहावाढ असं काही नसेल तर त्या अवस्थेला सीएलएल म्हणत नाहीत. एवढ्यासाठी बोन मॅरो काढायची घाई बहुतेकदा नको.

'इतका मोठा आजार आणि काहीच कसं जाणवलं नाही?' असं घरचे विचारतात. या पेशी धडाधड वाढत नाहीत, वेळेवर मरत नाहीत म्हणून साठत जातात, आणि मज्जेत बाकीच्या पेशींना वर्षानुवर्षं जागा उरते. निदानाच्या वेळी वय साधारण सत्तरीचं असतं. मोतीबिंदू, गुडघा, मधुमेह, बीपी, कशा ना कशासाठी सीबीसी होतोच. थोडा थकवा, एखादी न दुखणारी गाठ असलीच तर ती वयाच्या नावावर खपून जाते.

म्हणून शेवटची चूक: ल्युकेमिया हा शब्द ऐकून लगेच उपचार मागणं. लक्षणं नसताना लवकर औषधं सुरू करून आयुष्य वाढल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही, त्यामुळे डॉक्टर 'नुसतं लक्ष ठेवू' म्हणाले तर तो हलगर्जीपणा नसतो. ठरलेल्या वेळी सीबीसी करून प्रत्यक्ष संख्या आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा. लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट उतरू लागले, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी घटलं, रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम यायला लागला, गाठी भराभर वाढल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. ताप अंगावर काढू नका, कारण या आजारात प्रतिकारशक्ती उणी असते. लस घेताना सीएलएल असल्याचं आधी सांगा, म्हणजे जिवंत विषाणूंच्या लसी टाळता येतात.