ट्रक कधी बदलायचा? हिशोबातल्या या चुका टाळा

"हप्ते फिटले, आता गाडी फुकटची." जालन्यात ट्रकमालकांचे हिशोब लिहिताना हे वाक्य माझ्या कानावर सारखं पडतं. अंबडचे एक मालक, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तेही हेच म्हणत आले. त्यांची दहा चाकी गाडी ३० लाखांची. जालन्याहून सळई घेऊन जाते आणि परतीला लातूरहून पेंड आणते. गाडीला सहा वर्षं पूर्ण झाली होती.

मी विचारलं, "आबा, आज विकली तर काय येईल?"

"अकरा कुठं गेले नाहीत."

"आणि वर्षभर चालवून विकली तर?"

"साडेनऊ धरा."

म्हणजे एक रुपयाचा हप्ता नसतानाही ती गाडी जवळ ठेवण्याचे दीड लाख आबा त्या वर्षी मोजणार होते. पहिली चूक हीच आहे. हप्ता म्हणजे उसन्या पैशाची परतफेड, तो गाडीचा खर्च नाही. खर्च म्हणजे बाजारातली किंमत जेवढी उतरली ते, आणि त्यात दुरुस्ती. सुरुवातीला किंमत झपाट्याने उतरते आणि दुरुस्ती कमी असते. पुढे उलटं होतं. दोन्हींची बेरीज करून गाडी जितकी वर्षं ठेवली तितक्यांनी भागायची. ही वार्षिक सरासरी ज्या वयात सर्वांत कमी, ते बदलण्याचं वय.

आबांच्या वहीवरून काढलेला तक्ता असा, आकडे लाखात. सातव्या-आठव्या वर्षाचे आकडे मिस्त्री आणि दलाल यांना विचारून धरलेले आहेत:

| वर्ष | वर्षअखेर बाजारभाव | त्या वर्षी उतरलेली किंमत | दुरुस्ती | वर्षाचा खर्च | तोवरची सरासरी |
|---|---|---|---|---|---|
| १ | २४ | ६ | ०.८ | ६.८ | ६.८० |
| २ | २० | ४ | १.१ | ५.१ | ५.९५ |
| ३ | १७ | ३ | १.५ | ४.५ | ५.४७ |
| ४ | १४.५ | २.५ | २.१ | ४.६ | ५.२५ |
| ५ | १२.५ | २ | २.८ | ४.८ | ५.१६ |
| ६ | ११ | १.५ | ३.६ | ५.१ | ५.१५ |
| ७ | ९.५ | १.५ | ४.८ | ६.३ | ५.३१ |
| ८ | ८.५ | १ | ६.२ | ७.२ | ५.५५ |

सहाव्या वर्षाचा खर्च ५.१ लाख, पाचव्या वर्षापर्यंतच्या सरासरीपेक्षा जरासा कमी, म्हणून सरासरी खाली आली. सातव्याचा ६.३ लाख, म्हणून ती वर चढली. लक्षात ठेवायला एवढंच पुरे: येणाऱ्या वर्षाचा खर्च आजवरच्या सरासरीपेक्षा जास्त दिसला की गाडी काढायची. दुरुस्ती दरवर्षी वाढतेय म्हणून घाबरून गाडी काढणं चूक, कारण ती दुसऱ्या वर्षापासूनच वाढत असते.

दुसरी चूक बाजारभावाच्या रकान्यात होते. सीएच्या ताळेबंदातला आकडा तिथे उचलून ठेवतात. भाड्याने चालणाऱ्या ट्रकला आयकरात ३० टक्के घसारा मिळतो, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. त्या हिशोबाने ३० लाखांची गाडी सहा वर्षांनी साधारण साडेतीन लाखांवर येते आणि बाजार अकरा देतो. कागदावरची किंमत धरली की वाटतं, उतरायला काही उरलंच नाही, चालवू दे. हा रकाना गाड्यांच्या दलालाला विचारून भरा.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण तिचं बिल कुणी देत नाही. ते म्हणजे गाडी उभी राहिल्याचे दिवस. आबांच्या वहीत क्लच प्लेट, पाटे, गिअरबॉक्स, सगळं तारीखवार होतं, पानांवर ग्रीसचे अंगठे उमटलेले. पण गिअरबॉक्स उतरवून गाडी नऊ दिवस गॅरेजच्या दारात उभी होती, याची नोंद कुठेच नव्हती. आम्ही बिल्ट्यांच्या तारखांमधली खिंडारं शोधून दिवस काढले: पहिल्या वर्षी ३, मग ४, ६, ९, १३ आणि सहाव्या वर्षी १८. भाड्यातून डिझेल, टोल, चालकाचा भत्ता वजा जाता दिवसाला ४,००० रुपये बुडाले असं धरलं. हे मिळवल्यावर पाचव्या वर्षापर्यंतची सरासरी ५.४४ आणि सहाव्यापर्यंतची ५.५० निघाली. म्हणजे बदलण्याचं वय पाचवर आलं.

पण इथेच थांबलात तर चौथी चूक होते. गाडीत अडकलेल्या पैशालाही व्याज आहे, मग ती कर्जाची असो की स्वतःच्या पैशाची. वर्षाच्या सुरुवातीच्या बाजारभावावर १० टक्के धरले तर पहिल्या वर्षी ३ लाख आणि सहाव्या वर्षी सव्वा लाख. नव्या गाडीवर हा भार मोठा, जुनीवर कमी, म्हणून व्याज मोजलं की गाडी थोडी जास्त ठेवणं परवडतं. दोन्ही धरून आबांची पाच वर्षांची सरासरी ७.५५ आणि सहा वर्षांची ७.४७ आली, सातव्या वर्षाचा खर्च मात्र साडेआठ लाखांच्या आसपास. वय पुन्हा सहा. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. तुमच्या गाडीत त्या अशाच झाकल्या जातील असं धरू नका.

टायरचा घोळ वेगळाच. दहा टायरचा जोड घेतला की त्या वर्षाच्या दुरुस्तीत दोनेक लाख एकदम घुसतात आणि गाडी काढण्याचा खोटा इशारा मिळतो. टायर किलोमीटरवर झिजतात, गाडीच्या वयावर नाही, तेव्हा ते सगळ्या वर्षांत पसरवा. दरवर्षी सारखाच येणारा खर्च सरासरी वर नेतो, पण सर्वांत कमी सरासरीचं वर्ष हलवत नाही. म्हणून डिझेलही धरलं नाही तरी चालतं, फक्त ॲव्हरेज घसरलं असेल तर वाढीव डिझेल दुरुस्तीत मोजा.

इंजिनाचं काम मात्र पसरवून भागत नाही, कारण तिथे निर्णय आधी घ्यावा लागतो. समजा सात वर्षांची गाडी काम न करता ८ लाखांना जातेय आणि इंजिनाला अडीच लाख लागणार आहेत. काम करून वर्षभर चालवली, इतर दुरुस्ती ३ लाख, आणि तेव्हाही ८ लाखच आले, तर वर्षाचा खर्च साडेपाच लाख. तक्त्यातल्या ५.१५ पेक्षा जास्त, म्हणजे विका. पण दोन वर्षं चालवली, दुसऱ्या वर्षी ३.२ लाख दुरुस्ती आणि शेवटी ७.२ लाख किंमत, तर एकूण साडेनऊ लाख, वर्षाला ४.७५. आता ठेवणं स्वस्त. मोठं काम निघालं की एका वर्षाचा निकष फसतो, तेव्हा दोन-तीन वर्षं एकत्र मोजा. अन् हे इंजिन खोलण्याआधी. अडीच लाख घातल्यावर "आता एवढे घातलेत, विकू कशी?" हा प्रश्नच राहत नाही. घातलेले गेले, पुढचा खर्च तेवढा बघायचा. तुलना नव्या गाडीच्या आजच्या किमतीवर काढलेल्या सरासरीशी करा. नवी महागली असेल तर जुनी थोडी जास्त टिकवणं परवडतं.

एक शेवटचं. तक्त्यात पाच आणि सहा वर्षांच्या सरासरीत हजार रुपयांचाच फरक आहे. तळ सपाट असतो, त्यामुळे वर्षाच्या आकड्यावर हटून बसू नका. त्या पट्ट्यात विमा आणि पासिंगच्या तारखा बघा. आठ वर्षांपर्यंत मालवाहू गाडीचं पासिंग दोन वर्षांचं मिळतं, पुढे दरवर्षी करावं लागतं, आणि घेणारा ते जाणून भाव पाडतो. आबांनी विमा संपायच्या आधी गाडी काढली, दहा लाख ऐंशी हजारांना.